शेअरवर पाळत बसली. विकू की थांबू?

*“मी शाळेत शिक्षिका आहे. दहा महिन्यांपूर्वी दिरांच्या सांगण्यावरून एका लहान कंपनीचे १,५०० शेअर ६४ रुपयांनी घेतले, म्हणजे ९६ हजार घातले. भाव चढत १६८ पर्यंत गेला, आता १५० आहे. गेल्या आठवड्यात ॲपमध्ये नावापुढे पिवळा त्रिकोण आला आणि खाली `LT ASM: Stage IV` असं दिसलं. सेबीने कंपनीला पकडलं का? माझे पैसे अडकले का? दीर म्हणतात, ही नुसती तांत्रिक बाब आहे, यादीतून बाहेर पडला की शेअर उडेल, उलट अजून घे. आमचे सीए म्हणतात, दोन महिने थांबलात तर टॅक्स वाचेल. यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काय करू?”*

ताई, सेबीने कंपनीला पकडलेलं नाही. निदान त्या त्रिकोणाचा अर्थ तो नाही. एएसएम म्हणजे ॲडिशनल सर्व्हेलन्स मेजर, आपल्या भाषेत वाढीव पाळत. २०१८ मध्ये सेबी आणि एक्स्चेंजेस यांनी मिळून ही पद्धत आणली. शेअरचा भाव ठरावीक काळात किती वर-खाली झाला, उलाढाल अचानक किती वाढली, त्या उलाढालीतला किती वाटा मोजक्याच ग्राहकांचा आहे, भाव नफ्याच्या किती पट झाला, असे काही आकडे एक्स्चेंज मोजत असतं. ते ठरवलेल्या रेषेपलीकडे गेले की नाव यादीत जातं. कंपनीला नोटीस गेलेली नसते, चौकशी झालेली नसते. एक्स्चेंज आपल्या परिपत्रकात स्पष्ट लिहितं, की ही निवड फक्त बाजारातल्या देखरेखीसाठी आहे, तिला कंपनीविरुद्धची कारवाई समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये अदानी एंटरप्रायझेससारखी निफ्टीतली कंपनीही या यादीत आली होती. भावातली अस्थिरता ठरावीक मर्यादेबाहेर गेली की हे उपाय आपोआप लागू होतात, असं सेबीने तेव्हा सांगितलं होतं.

हे वाचून दिरांना आनंद होईल. पण त्यांचं म्हणणंही मला अर्धंच पटतं. मी चौदा वर्षं एका ब्रोकरकडे डीलरच्या खुर्चीत बसलो. “तांत्रिक आहे हो, काही नाही” हे वाक्य मी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलंय, आणि त्यातल्या काहींना पुढे तोंड दाखवायची मला लाज वाटली. आकडे कंपनीबद्दल काही सांगत नाहीत हे खरं. पण शेअरच्या खरेदी-विक्रीबद्दल ते बरंच सांगतात. भाव काही महिन्यांत अडीचपट झाला आणि उलाढाल थोड्याच खात्यांत फिरत असेल, तर १५० हा भाव किती लोकांनी मिळून ठरवला आहे, असा प्रश्न पडायला हवा. त्याचं उत्तर त्रिकोण देत नाही. तो फक्त प्रश्नाकडे बोट दाखवतो.

तेव्हा “कंपनी चांगली की वाईट” हा विषय थोडा बाजूला ठेवू. तुमच्यापुरता आजचा प्रश्न असा आहे: चौथ्या पायरीवर गेलेला शेअर विकायचा म्हटलं तर कसा आणि किती वेळात विकला जाईल?

लाँग टर्म एएसएमच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर शंभर टक्के मार्जिन लागतं. तुमच्यासारख्या पूर्ण पैसे भरून डिलिव्हरी घेणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही, कारण तुम्ही तसेही पूर्ण पैसे भरता. फरक पडतो तो उधारीवर खेळणाऱ्याला. शेअर ब्रोकरकडे तारण ठेवून त्यावर दुसरे सौदे करणाऱ्यालाही तो पडतो. मार्जिन शंभर टक्के म्हणजे तारण म्हणून त्या शेअरची किंमत शून्य. एका रात्रीत खात्यात मार्जिन कमी पडतं आणि सकाळी ब्रोकरचा फोन येतो. तुम्ही तारण ठेवलेलं नाही, असं मी धरतो. ज्या वाचकांनी ठेवलंय त्यांनी आधी तिकडे बघावं, बाकीचं नंतर.

मधल्या पायऱ्यांवर सर्किटची, म्हणजे भाव एका दिवसात किती वर-खाली जाऊ शकतो याची, मर्यादा अरुंद होत जाते. तुमचा शेअर आहे त्या चौथ्या पायरीवर ती पाच टक्के होते आणि शेअर ‘ट्रेड टू ट्रेड’मध्ये जातो. म्हणजे प्रत्येक खरेदीची डिलिव्हरी घ्यायची आणि प्रत्येक विक्रीची डिलिव्हरी द्यायची. सकाळी घेतला, दुपारी विकला, हे बंद. काल घेतलेला, अजून डीमॅटमध्ये न आलेला शेअरही विकता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मला कुठे इंट्राडे करायचंय? बरोबर आहे. पण तुमचा शेअर रोज ज्यांना विकला जात होता त्यांतले बरेच जण इंट्राडेवालेच होते, आणि ते आता निघून गेले. या शेअरची आधीची आणि आताची रोजची उलाढाल ॲपमध्ये बघा. पूर्वी दिवसाला लाखभर शेअरचे सौदे होत असतील आणि आता आठ हजारांचे होत असतील, तर तुमचे १,५०० शेअर म्हणजे दिवसाच्या उलाढालीचा जवळपास पाचवा हिस्सा झाले. कालपर्यंत तुम्ही गर्दीतली एक होता. आज तुमची विक्री भावात उमटेल इतकी मोठी आहे. भाव तोच दिसतो, पण त्या भावाला किती शेअर खपतील हे बदललेलं असतं. ॲपमधला १५० चा आकडा हा शेवटच्या सौद्याचा भाव आहे, आणि तो सौदा दहा शेअरचाही असू शकतो.

पाच टक्क्यांची मर्यादा ऐकायला सुरक्षित वाटते. दिवसाला पाचच टक्के पडेल ना, मग घाबरायचं कशाला? पण भाव पडायची वेळ आली की हीच मर्यादा अडचण होते. वाईट बातमी आली आणि सगळ्यांनाच विकायचं असलं, तर सकाळी भाव १४२.५० ला लोअर सर्किटला लागतो आणि तिथे घेणारा कोणी नसतो. विकणाऱ्यांची रांग लागते. एकाच भावाच्या ऑर्डरींमध्ये जी आधी आली तिचा नंबर आधी, असा नियम आहे. संध्याकाळी न खपलेली ऑर्डर रद्द होते, दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा लागते, या वेळी १३५.३५ च्या जवळ. असं सलग पाच दिवस झालं तर भाव ११६ वर येतो. म्हणजे विकायचं ठरवलं त्या दिवशी तुमच्या शेअरची किंमत २ लाख २५ हजार होती आणि हातात १ लाख ७४ हजार आले. मधले ५१ हजार तुमच्या डोळ्यांसमोर गेले आणि तुम्ही फक्त ऑर्डर टाकत राहिलात. हे होईलच असं मी म्हणत नाही. पण “पडायला लागला तर विकून टाकेन” हा बेत या पायरीवर भरवशाचा नाही. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भावाखाली गेला की विकण्याची ऑर्डर, आधीच लावला तरी समोर घेणारा असेल तरच तो कामाला येतो.

आता सीएंच्या सल्ल्याकडे. टॅक्सपुरतं ते अगदी बरोबर बोलतायत. आज सगळे विकले तर नफा १ लाख २९ हजार, आणि वर्षाच्या आतला म्हणून त्यावर २० टक्के, म्हणजे २५,८०० रुपये कर. वर्ष उलटल्यावर विकले तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही आणि वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. म्हणजे तुमच्या बाबतीत १५० च्याच भावाला कर होईल ५०० रुपये. (सेस सोडून दिलाय. यंदा दुसरा कुठला दीर्घ मुदतीचा नफा तुम्ही घेतलेला नाही असंही धरलंय.) फरक २५,३०० रुपयांचा. ९६ हजार घालणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडू. आज सगळे विकून, कर भरून तुमच्याकडे १ लाख ९९ हजार २०० उरतात. दोन महिन्यांनी तेवढेच हातात यायचे तर भाव निदान १३२.८० हवा. दोन लोअर सर्किटनंतर भाव साधारण १३५ असतो, तिसऱ्यानंतर १२८. म्हणजे दोन महिन्यांत नुसती तीन वाईट सत्रं लागली की वाचलेला सगळा कर गेला, आणि तिथून पुढे खिशातले जायला लागले. हा शेअर १६८ वरून १५० वर आलाच आहे. त्या घसरणीत किती दिवस लोअर सर्किट लागलं होतं, हे तुमच्या ॲपच्या तक्त्यावर दिसेल. ते बघितल्यावर तीन सत्रं तुम्हाला दूरची वाटतात की जवळची, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमच्या पत्रात सरळ लिहिलेला नाही, पण ओळींच्या मधून जाणवणारा आणखी एक विचार आहे: भाव ६४ च्या खाली येईपर्यंत माझं नुकसान नाही. १५० वरून ६४ च्या खाली यायला सलग सतरा लोअर सर्किटं लागतील, त्यामुळे हा विचार धीर देतो. पण तितके दिवस बघत बसायला कोण तयार होईल? तुमच्याकडे आज आहेत ते सव्वादोन लाख. हे पैसे रोख असते तर तुम्ही याच कंपनीचे, याच पायरीवरचे, १५० ला १,५०० शेअर घेतले असते का? “छे” असं उत्तर आलं तर ६४ चा आकडा विसरा.

आणि म्हणूनच दिरांचा “अजून घे” हा भाग मला मुळीच मान्य नाही. एकदा लाँग टर्म एएसएममध्ये गेलेला शेअर उद्या-परवा बाहेर येत नाही. साधारणपणे किमान ९० दिवस तो तिथे राहतो आणि मग आढावा घेऊन पायरी-पायरीने खाली आणला जातो. बाहेर येण्याची अट काय, तर भाव आणि उलाढाल शांत होणं. म्हणजे शेअर यादीतून सुटतो तो बहुधा थंड झाल्यावर. तो सुटल्यावर उडेल असं म्हणणाऱ्याने तो परत यादीत येईल हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. शिवाय अजून शेअर घेतले की विकायच्या वेळी तुमचा वाटा पाचव्या हिश्शाहून मोठा होतो, हे वेगळंच.

तुमच्या जागी मी असतो तर अर्ध्यावर तडजोड केली असती. ७५० शेअर आता काढायचे. १५० च्या आसपास गेले तर १ लाख साडेबारा हजार येतात, त्यावर कर १२,९००, हातात ९९,६००. घातलेले पैसे घरी आले, असं म्हणून तुम्हाला झोप लागेल. (हिशोबाच्या दृष्टीने उरलेले ७५० “फुकट” होत नाहीत, तेही तुमचेच लाखभर रुपये आहेत. पण झोपेलाही किंमत असते.) उरलेल्यांसाठी वर्ष पूर्ण होण्याची वाट बघायची की नाही, हे खाली सांगतो ती तपासणी करून ठरवा.

विकताना घाई करू नका आणि मार्केट ऑर्डर टाकू नका. समोरच्या पाच खरेदीदारांचे भाव आणि संख्या ॲपमध्ये दिसतात. त्यांत १५० ला ४० शेअर, १४९ ला शंभर आणि एकदम १४५ ला पाचशे असं चित्र असेल, तर मार्केट ऑर्डर तुम्हाला थेट १४५ पर्यंत घेऊन जाईल. लिमिट लावून दोनशे-अडीचशेच्या तुकड्यांनी तीन-चार दिवसांत काढा. ज्या दिवशी शेअर अप्पर सर्किटला असेल तो दिवस सगळ्यांत सोपा, कारण तेव्हा घेणाऱ्यांची रांग असते. विचित्र म्हणजे नेमक्या त्याच दिवशी कोणाला विकावंसं वाटत नाही. आणि उलट, लोअर सर्किटचे दिवस सुरू झाले आणि बाहेर पडायचंच असं ठरलं, तर मात्र बाजार उघडण्याच्या वेळीच त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेच्या भावाने ऑर्डर टाका. वरच्या भावाचा गिऱ्हाईक असेल तर सौदा वरच्याच भावाने होतो. खालचा भाव लिहिल्याने तुमचं नुकसान होत नाही, रांगेतला नंबर तेवढा पुढे लागतो.

एक बारीक गोष्ट. तुम्ही ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर परस्पर देण्याची कायमची परवानगी, दिलेली नसेल, तर विकताना टीपिन आणि ओटीपी टाकून शेअर देण्याची परवानगी द्यावी लागते. ते राहून गेलं आणि शेअर पोचले नाहीत, तर ट्रेड टू ट्रेडमध्ये भुर्दंड पडतो. मी डीलर असताना एका सद्गृहस्थांना, नफ्यातला शेअर विकूनही, केवळ कागदपत्र वेळेत न दिल्यामुळे दंड भरावा लागलेला पाहिलाय. सकाळी ऑर्डरच्या आधी ती परवानगी देऊन ठेवा.

आता तपासणी. आधी तुमचा शेअर खरंच एएसएममध्येच आहे ना, हे एनएसई किंवा बीएसईच्या वेबसाइटवर बघा. दोघंही या याद्या जाहीर करतात. असं सांगण्याचं कारण म्हणजे ॲपमधला पिवळा त्रिकोण वेगवेगळ्या आजारांना एकच असतो. एएसएम भावाच्या वागण्यावरून लागतो. जीएसएम, म्हणजे ग्रेडेड सर्व्हेलन्स मेजर, ही त्याहून कडक गोष्ट आहे. कंपनीची नक्त मालमत्ता आणि कारखाना-जमिनीसारखी स्थावर मिळकत नगण्य, आणि भाव मात्र त्याला न शोभणारा, अशांसाठी ती आहे. तिच्या वरच्या पायऱ्यांवर आठवड्यातून एकदाच सौदे होतात आणि घेणाऱ्याला शेअरच्या किमतीशिवाय आणखी अनामत रक्कम अडकवावी लागते. अशी अट असलेला शेअर कोण कशाला घेईल? म्हणून तिथे विकणं जवळजवळ अशक्य होतं. ७ ऑगस्ट २०१७ ला सेबीने संशयित शेल कंपन्या म्हणून ३३१ नावं तेव्हाच्या जीएसएमच्या शेवटच्या पायरीवर टाकायला सांगितली होती. त्या पायरीवर महिन्यातून एकच दिवस सौदे, आणि भाव वर जायला मनाई. त्यांतल्या दोन कंपन्यांना तीनच दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडून स्थगिती मिळाली. बाकीच्यांच्या भागधारकांना मात्र आपली कंपनी खरी की खोटी हे कळण्याआधीच विकायची वाट बंद झालेली होती.

तिसरा प्रकार म्हणजे बीएसईवरचा ‘झेड’ गट, एनएसईवर `BZ` सिरीज. कंपनीने तिमाही निकालासारखी बंधनकारक माहिती वेळेवर दिली नाही की शेअर तिथे जातो. तो एएसएमपेक्षा मला जास्त भीतीदायक वाटतो, कारण तिथे बोट खुद्द कंपनीकडे आहे आणि पुढची पायरी शेअरचे सौदे स्थगित होण्याची असते. तुमचा शेअर जीएसएम किंवा झेड यांपैकी कुठल्याही यादीत निघाला तर वर मांडलेली अर्धी-अर्धी तडजोड विसरा आणि मिळेल त्या भावाला सगळे काढा.

तो फक्त एएसएममध्ये असेल, तर उरलेल्या ७५० साठी दोनच कागद वाचा. पहिला, एक्स्चेंजच्या वेबसाइटवरचा भागधारणेचा तक्ता. तो दर तिमाहीला येतो. भाव ६४ वरून १५० ला जात असताना प्रवर्तकांचा हिस्सा कमी झाला का, आणि दोन लाखांपर्यंत भांडवल असलेल्या लहान भागधारकांची संख्या एकदम वाढली का, हे मागच्या तीन-चार तिमाही शेजारी ठेवून बघा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर कोण विकतंय आणि कोण घेतंय हे समोरच दिसतं. दुसरा, तिमाही निकाल आणि त्याला जोडलेला ऑडिटरचा अहवाल. भाव अडीचपट झाला त्या काळात विक्री आणि नफा कितीने वाढला? नफ्यातला मोठा भाग ‘इतर उत्पन्ना’तून आला का? भाव इतका का वाढला, असं विचारणारं एक्स्चेंजचं पत्र आणि त्यावर कंपनीचं उत्तरही कदाचित तिथेच सापडेल. त्या उत्तरात “आमच्याकडे जाहीर न केलेली कोणतीही माहिती नाही” एवढंच असेल तर दचकू नका, चांगल्या-वाईट सगळ्याच कंपन्या तेच लिहितात. पण मग भाव धंद्यातल्या कुठल्या बातमीने चढला, असा प्रश्न उरतोच.

हे कागद समाधानकारक निघाले तर ७५० शेअर वर्ष पूर्ण होईपर्यंत ठेवायला माझी हरकत नाही. वर्ष मोजताना कॉन्ट्रॅक्ट नोटवरची तारीख धरा आणि बरोबर बाराव्या महिन्याच्या दिवशी विकू नका, बारा महिन्यांहून जास्त काळ व्हावा लागतो. समाधानकारक निघाले नाहीत तर २५ हजारांपैकी उरलेल्या अर्ध्या करासाठी थांबू नका.

घरी यांना काय सांगायचं हा बाजाराचा प्रश्न नाही, पण विचारलाय म्हणून. पहिले ७५० विकून पैसे बँकेत आले, की त्या दिवशी सांगा. आणि दिरांकडे गेलात तर त्यांच्या डीमॅटमध्ये या कंपनीचे किती शेअर अजून शिल्लक आहेत, हे जाता जाता विचारून घ्या. भागधारणेच्या तक्त्याआधी तोही एक कागदच समजा.